माटोळी काढून दाखव: चित्राचे प्रॉम्प्ट जोडीने सुधारण्याचा एक तास

गणेशचतुर्थीनंतरच्या आठवड्यात नववीच्या एका मुलीने चित्र काढणाऱ्या एआयला लिहिलं, "आमच्या घरातल्या गणपतीची माटोळी, खूप सुंदर, छान रंग, भरपूर उजेड." पडद्यावर गणपती आला. त्याच्याभोवती झेंडूच्या माळा, पुढे समया आणि मागे सोनेरी कमान होती. चित्र देखणं होतं, पण आमच्या गोव्यात गणपतीच्या डोक्यावर फळं बांधलेली जी लाकडी जाळी टांगतात, ती माटोळी त्यात नव्हती. मुलगी दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, "चालेल टीचर, छान आलंय."

त्या "चालेल"वर मी बरेच दिवस विचार केला. तिला हवं होतं ते तिला मिळालं नव्हतं, पण समोरचं चित्र इतकं चकचकीत होतं की आपल्याला काय हवं होतं तेच ती विसरली. पुढे मी या विषयाचा तास नव्याने बांधला. त्यात मुलं एकमेकांचे प्रॉम्प्ट, म्हणजे चित्रासाठी यंत्राला लिहून दिलेले शब्द, सुधारतात आणि यंत्र सुरू व्हायच्या आधी त्यांच्या हातात पेन्सिल असते. तो तास कसा चालतो आणि त्यातली प्रत्येक पायरी जिथे आहे तिथेच का आहे, ते इथे सांगते. आमच्याकडे तासिका लहान असते, म्हणून दोन तासिका जोडून घ्याव्या लागतात. हिशेब चोवीस मुलं, बारा जोड्या आणि संगणक कक्षातले बारा संगणक असा धरला आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. चित्र काढणारी बरीचशी मॉडेल्स कोऱ्या कागदापासून सुरुवात करत नाहीत. ती ठिपक्यांच्या गोंधळापासून सुरुवात करतात, जुन्या टीव्हीवर चॅनल गेलं की मुंग्या दिसायच्या तशा. मग पायरीपायरीने तो गोंधळ कमी करत, दिलेल्या शब्दांशी जुळेल असं काहीतरी त्यातून बाहेर काढतात. जिथे शब्द काही सांगतात तिथे ते शब्दांच्या ओढीने जातं. जिथे शब्द गप्प असतात तिथे यंत्र थांबून विचारत बसत नाही. शिकताना जे जास्त वेळा पाहिलं, ते तिथे भरून टाकतं. गणपती म्हटल्यावर झेंडू आणि सोनेरी कमान येते ती अशी. माटोळीची चित्रं त्याने फारशी पाहिलेली नसणार, आणि पाहिली असली तरी त्यांच्याखाली तो शब्द लिहिलेला असेलच असं नाही.

भाषेचाही यात भाग आहे. चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा जोड्यांचा एक मोठा जाहीर संच २०२२ साली आला, लायन-५बी नावाचा. त्यात ५.८५ अब्ज जोड्या होत्या. त्यातल्या सुमारे २.३ अब्ज एकट्या इंग्रजीच्या होत्या आणि जवळपास तेवढ्याच, शंभरहून जास्त इतर भाषा मिळून होत्या. मराठी त्या शंभरातली एक. आजची काही साधनं मराठी चांगली समजतात, काही अडखळतात. तासाच्या आदल्या दिवशी एकच वाक्य मराठीत आणि इंग्रजीत देऊन बघावं. दोन्हीकडे साधारण सारखं चित्र आलं तर मुलांना मराठीत लिहू द्यावं. फारच फरक पडला तर मराठीत लिहून शेवटी भाषांतर करून टाकावं, पण सुधारणेचं सगळं बोलणं मराठीतच ठेवावं, कारण तासाचं खरं काम त्या बोलण्यात होतं.

आता तास. पहिली सहा मिनिटं यंत्र बंदच असतं. मी एक वाक्य वाचते, "एका घराच्या दारात तुळस आहे," आणि सगळ्यांना दोन मिनिटांत ते काढायला सांगते. बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही. मग चार कागद फळ्यावर लावते. एकाने अंगणात उंच रंगवलेलं वृंदावन काढलेलं असतं, वर पणतीचा कोनाडाही. दुसऱ्याने फ्लॅटच्या दाराशी प्लास्टिकची कुंडी काढलेली असते. एकीने दार आतून दाखवलं आहे, तुळस बाहेर उन्हात. एकाच्या चित्रात पाऊस आहे. मी विचारते, वाक्यात पाऊस होता का? नव्हता. मग चुकलं का? तेही नाही, कारण वाक्याने पावसाला कुठे मनाई केली होती? न सांगितलेली जागा प्रत्येकाने स्वतःच्या घरावरून भरली. यंत्रही हेच करतं, फक्त त्याचं घर म्हणजे त्याने पाहिलेली कोट्यवधी चित्रं. एवढं कळलं की प्रस्तावना संपली. इथे जास्त बोलू नये.

पुढची आठ मिनिटं प्रत्येकाने एकटं लिहायचं. प्रॉम्प्टच्याही आधी एक चिठ्ठी. चिठ्ठीवर तीनच ओळी: माझ्या चित्रात या तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत. त्या डोळ्यांनी तपासता येतील अशा असाव्यात. "प्रसन्न वातावरण" चालणार नाही, "खिडकीतून ऊन जमिनीवर पडलंय" चालेल. चिठ्ठीची घडी घालून ती वहीत ठेवायची आणि मग दोन-तीन वाक्यांचा प्रॉम्प्ट लिहायचा.

ही चिठ्ठी अनेकांना फालतू कटकट वाटते, आणि घाई झाली की शिक्षक नेमकी तीच गाळतात. माझ्या मते ती गाळली तर बाकीचा तास घेण्यात अर्थ नाही. माटोळीवाल्या मुलीचं जे झालं ते चिठ्ठी नसल्यामुळे झालं. यंत्राचं चित्र एकदा डोळ्यांसमोर आलं की मनातलं चित्र हळूहळू त्याच्यासारखं होत जातं आणि मूल प्रामाणिकपणे म्हणतं, मला हेच हवं होतं. चिठ्ठी आधी लिहिलेली असेल तर हे सरकणं पकडता येतं. शेवटच्या तपासणीपर्यंत चिठ्ठी लिहिणाऱ्याशिवाय अजून कोणी वाचायची नाही, जोडीदारानेही नाही.

आता कागदांची अदलाबदल. चौदाव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत जोडीदार तो प्रॉम्प्ट वाचतो आणि पेन्सिलीने कच्चं चित्र काढतो. इथे नियम एकच, पण कडक: जिथे जिथे अंदाज करावा लागला तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं. चित्र सुबक नसलं तरी काही बिघडत नाही, माणसं काड्यांची काढली तरी हरकत नाही. आपल्याला ती प्रश्नचिन्हं हवी आहेत.

पेन्सिल आल्याबरोबर एक गोष्ट आपोआप घडते. "सुंदर", "अप्रतिम", "खूप छान", "एकदम खरं वाटेल असं" हे शब्द काढताच येत नाहीत. मुलगा पेन्सिल हातात धरून बसतो आणि म्हणतो, "सुंदर कसं काढू?" शिक्षकाने दहा वेळा सांगून जे पटत नाही ते त्याच्या हाताला पटतं. अशा शब्दांचा यंत्रावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी चित्राला जाहिरातीसारखी झळाळी येते. पण कुठे काय आहे हे त्यातून यंत्राला कळत नाही.

नावांचंही असंच. आमच्याकडे हमखास कोणीतरी गोव्याच्या प्रसिद्ध व्यंगचित्रकाराचं नाव लिहितं, "मारिओ मिरांडांसारखं चित्र." मग जोडीदाराने विचारायचं, त्यांच्या चित्रातलं तुला नेमकं काय हवंय? उत्तर येतं: काळ्या शाईची बारीक रेघ, एकाच चौकटीत खूप माणसं, खिडकीतून डोकावणारे चेहरे. मग तेच लिहावं. मिरांडा २०११ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या कामावर हक्क राहतो, म्हणजे २०७१ सरेपर्यंत. वर्गात हा मुद्दा दोन वाक्यांत सांगून पुढे जावं. तिथल्या तिथे उपयोगाचं हे आहे की वर्णन जोडीदाराला काढता येतं, नाव काढता येत नाही.

विसाव्या मिनिटाला संगणक सुरू करायचे. दोघांचे मूळ प्रॉम्प्ट, एकही अक्षर न बदलता, यंत्राला द्यायचे आणि खिडकी लहान करून ठेवायची. चित्रं बघायची नाहीत. यंत्र आणि नेट आपल्या वेगाने काम करोत, तोवर मुलं प्रश्नचिन्हांकडे वळतात. यात दोन फायदे आहेत. चित्र येण्याची वाट पाहत मुलं रिकामी बसत नाहीत, आणि सुधारणा करताना त्यांच्यासमोर यंत्राचं चित्र नसतं, जोडीदाराचा कागद असतो.

मग चोविसाव्या मिनिटापासून चौदा मिनिटं, प्रत्येक प्रॉम्प्टला सात. जोडीदार प्रश्न विचारतो, लिहिणारा तोंडी उत्तर देतो आणि नवा प्रॉम्प्ट जोडीदार लिहितो. लेखणी जोडीदाराच्या हातात का? कारण ज्याच्या मनात चित्र आहे त्याला आपण सांगितलंच आहे असं वाटत असतं. दुसऱ्याला ऐकून लिहायचं असतं, त्यामुळे जे उत्तरात आलं नाही ते कागदावरही येत नाही.

त्या माटोळीचीच गोष्ट घ्या. नव्या पद्धतीने तास घेतला तेव्हा त्या मुलीने मुद्दाम तोच प्रॉम्प्ट पुन्हा आणला. तिचा जोडीदार वास्कोचा, घरचे घाटावरून आलेले, त्यांच्या घरच्या गणपतीत माटोळी नसते. त्याने कागदावर गणपती काढला, डोक्यावर एक कमान काढली आणि कमानीला मोठं प्रश्नचिन्ह लावलं. आणखी तीन प्रश्नचिन्हं होती: खोली की मंडप, दिवस की रात्र, आणि बघणारा कुठे उभा आहे.

"माटोळी म्हणजे काय गो?"

"माटोळी म्हणजे... माटोळी. गणपतीच्या वर असते."

"वर म्हणजे? भिंतीवर?"

"नाही रे, छताला टांगतात. लाकडी असते."

"फळीसारखी?"

"फळी नाही. पट्ट्या असतात, आडव्या-उभ्या. जाळीसारखी. आणि तिला सगळं बांधतात. नारळ, सुपारी, केळी, काकडी, आंबाडे. बाबा रानातनं पण काय काय आणतात."

"मग ते वर ठेवलेलं असतं की खाली लोंबतं?"

इथे ती थांबली. लहानपणापासून दर वर्षी पाहिलेल्या वस्तूबद्दल हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. "लोंबतं," ती म्हणाली. "मी लहान असताना खाली बसून वर बघायचे, तेव्हा सगळं डोक्यावर लोंबताना दिसायचं." त्याने लगेच विचारलं, "मग आपण तिथूनच बघतोय का?" ती म्हणाली, हो. नंतर तिने सांगितलं की तिच्या चिठ्ठीतली तिसरी ओळ तीच होती, "खालून वर बघताना." मूळ प्रॉम्प्टमध्ये मात्र तिचा मागमूस नव्हता.

त्याने लिहिलेला नवा प्रॉम्प्ट असा:

"जुन्या घराची खोली. छताला चार दोऱ्यांनी आडवी टांगलेली लाकडी पट्ट्यांची चौकोनी जाळी. जाळीला बांधलेली फळं खाली लोंबत आहेत: नारळ, हिरव्या सुपारीचे घोस, केळीचा घड, काकड्या. जाळीच्या बरोबर खाली पाटावर मातीची गणेशमूर्ती. जमिनीवर बसलेलं लहान मूल वर बघतं तशा नजरेने. डावीकडच्या खिडकीतून सकाळचं ऊन."

"माटोळी" हा शब्द यात नाहीच. मुलीला ते खटकलं, आणि खटकणं बरोबरच आहे, तो तिच्या घरचा शब्द आहे. आम्ही तो सुरुवातीला परत घातला आणि पुढचं वर्णन तसंच ठेवलं. शब्द असला म्हणून काही बिघडत नाही, पण सगळा भार त्याच्या एकट्यावर टाकून चालत नाही. घरात रोजचा असलेला आणि यंत्राने फारसा न पाहिलेला शब्द आला की तो कशाचा बनलाय, कुठे आहे, कशाला धरून आहे आणि केवढा आहे, एवढं सांगावं लागतं. घुमट हे वाद्य, बलकांव ही घरापुढची बसायची जागा, नरकासुराचा पुतळा, सगळ्यांना हेच लागू.

अडतिसाव्या मिनिटाला नवे प्रॉम्प्ट यंत्राला जातात, सहा मिनिटं. एका प्रॉम्प्टची किती चित्रं काढायची, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. एकेकच काढलं तर नशिबाचा खेळ होतो. सुरुवातीचा तो ठिपक्यांचा गोंधळ दर वेळी वेगळा असतो, म्हणून तोच प्रॉम्प्ट तीनदा दिला तर तीन चित्रं येतात. जुन्याचं एक चांगलं आणि नव्याचं एक वाईट आलं तर मूल चुकीचा धडा घेऊन घरी जाईल. काही साधनांत सीड नावाचा आकडा हाताने देता येतो. तो दोन्ही वेळा सारखा ठेवला तर सुरुवातीचा गोंधळ सारखा राहतो आणि तुलना जास्त खरी होते. तशी सोय नसेल तर प्रत्येक प्रॉम्प्टची निदान दोन चित्रं काढावीत, चार जमली तर उत्तम. हिशेब करा: जोडीत दोन प्रॉम्प्ट, प्रत्येकाची जुनी आणि नवी आवृत्ती, प्रत्येकी दोन चित्रं, म्हणजे जोडीला आठ आणि वर्गाला शहाण्णव. फुकट खात्यांना दिवसाच्या मर्यादा असतात आणि त्या नेमक्या तासाच्या मध्ये संपतात. आदल्या दिवशी मोजून बघावं. नेट दगा देईल म्हणून घरून एक जुनी-नवी जोडी काढून पेन ड्राइव्हवर आणावी.

आणखी एक गोष्ट तपासावी लागते, आणि ती सहज नजरेतून सुटते. काही साधनं तुमचा प्रॉम्प्ट जसाच्या तसा वापरत नाहीत. चॅटजीपीटीतून डॅल-ई ३ हे मॉडेल २०२३ साली आलं, तेव्हा तुमचं वाक्य आधी भाषेचं मॉडेल फुलवून, तपशील घालून लिहायचं आणि ते फुलवलेलं वाक्य चित्राकडे जायचं. साध्या माणसाच्या दृष्टीने ही सोय आहे, आमच्या तासासाठी अडचण. मुलीने "गणपतीची माटोळी" एवढंच लिहिलं आणि मधल्या मॉडेलने स्वतःच प्रकाश, कोन, खोली घातली, तर चित्रातला कोणता तपशील कोणाचा हे कसं कळणार? साधन प्रत्यक्षात वापरलेला प्रॉम्प्ट दाखवत असेल तर तो वाचावा. दाखवत नसेल तर "माझं वाक्य न बदलता वापर" असं सुरुवातीला लिहून बघावं, आणि तरी फरक पडला नाही तर दुसरं साधन घ्यावं. ओळखायची खूण सोपी आहे: तीन शब्दांच्या प्रॉम्प्टवर प्रत्येक वेळी भरगच्च, ठरवून मांडल्यासारखं चित्र येत असेल तर मध्ये कोणीतरी लिहितंय. साधन निवडताना वयाची अट आणि शाळेची परवानगीही बघून घ्यावी. वर्गातल्या कोणाचा फोटो किंवा नाव प्रॉम्प्टमध्ये घालायचं नाही, हे पहिल्याच मिनिटाला सांगावं.

चव्वेचाळीस ते चोपन्न, तपासणी. ती जोडीने स्वतः करायची नाही, शेजारच्या जोडीने करायची. नाणं उडवून ठरवायचं की जुन्या प्रॉम्प्टच्या चित्रांना "क" म्हणायचं की "ख". शेजाऱ्यांना चित्रं आणि उघडलेली चिठ्ठी द्यायची, प्रॉम्प्ट द्यायचे नाहीत. त्यांनी चिठ्ठीतल्या तीन ओळी एकेक करून प्रत्येक चित्रात शोधायच्या आणि खूण करायची. कोणतं चित्र जास्त छान आहे हा प्रश्न त्यांना विचारायचाच नाही. विचारलात तर मुलं तेवढंच उत्तर देतील, आणि जुन्या प्रॉम्प्टचं सोनेरी कमानीवालं चित्र हटकून जिंकेल.

माटोळीच्या चिठ्ठीवर होतं: एक, वरून टांगलेली लाकडी जाळी. दोन, सुपारीचे घोस. तीन, खालून वर बघताना. जुन्या दोन चित्रांना एकही खूण मिळाली नाही. नव्या दोन्ही चित्रांत जाळी आली. खालून बघणं एका चित्रात नीट आलं, दुसऱ्यात नजर समोरून होती. सुपारी एकातही आली नाही. तिच्या जागी हिरव्या द्राक्षांसारखं काहीतरी लोंबत होतं.

इथे वर्गाने ठरवायचं असतं की आता काय करावं, आणि या तासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती हीच जागा. चित्र चुकण्याची कारणं तीन असू शकतात. आपण सांगितलंच नाही. सांगितलं, पण यंत्राला ते येत नाही. किंवा सांगितलं, येतंही, पण या वेळी नशिबाने आलं नाही. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत आणि बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात. म्हणून शेवटच्या सहा मिनिटांत मी एकच चित्र पडद्यावर घेते आणि मुलांना विचारते, ही चूक कोणत्या खणात टाकायची?

नजरेच्या कोनाचं उत्तर लवकर मिळालं. दोनांपैकी एकात आला, म्हणजे सांगितलंय आणि जमतंय, आणखी दोन चित्रं काढा. सुपारीसाठी जोडीदाराने पुन्हा पेन्सिल घेतली. "सुपारीचा घोस कसा दिसतो?" एका मुलाच्या घरची कुळागरं, म्हणजे सुपारीच्या बागा, आहेत, त्याने सांगितलं: एका जाड देठाला बऱ्याच फांद्या, त्यांना दाटीने लागलेली कोंबडीच्या लहान अंड्याएवढी हिरवी फळं, काही पिवळी पडलेली. ते घालून पुन्हा चित्र काढलं. आता द्राक्षं गेली आणि लहान कैऱ्यांसारखी फळं आली. आधीपेक्षा जवळ, पण सुपारी नाही. तिसऱ्यांदा प्रयत्न करू असं मुलं म्हणाली, मी थांबवलं. "यंत्राला जमलं नाही" या खणात लिहा आणि पुढे चला. हा खण रिकामा राहू नये असं मला मनापासून वाटतं. नाहीतर मुलांना वाटत राहतं की आपलेच शब्द कमी पडतात, आणि ती शब्दांवर शब्द चढवत बसतात.

शब्द चढवण्याचा तोटा खरा आहे. स्टेबल डिफ्यूजन या चित्र काढणाऱ्या मॉडेलच्या २०२२ मधल्या पहिल्या आवृत्त्यांमधला मजकूर वाचणारा भाग एका वेळी ७७ टोकनच घ्यायचा. टोकन म्हणजे शब्द किंवा शब्दाचा तुकडा, आणि मराठी शब्दाचे तुकडे इंग्रजीपेक्षा बरेच जास्त पडतात. त्यापुढचं सरळ कापलं जायचं. नवीन साधनं बरंच लांब वाचतात, तरी दहा वस्तू सांगितल्या तर दोन-तीन गळतात, किंवा एकीचा रंग दुसरीला लागतो. हिरवी काकडी आणि पिवळी केळी मागावी, तर केळीच हिरवी यावी. म्हणून नवा प्रॉम्प्ट एकदा लिहून झाला की पुढच्या प्रत्येक फेरीत जोडीदाराने फार तर तीन बदल करायचे असा माझा नियम आहे. कमी बदल असले की कोणत्या बदलाने काय झालं ते सांगता येतं.

"नको" या शब्दाचं वेगळं सांगायला हवं, कारण मुलं तो सारखा वापरतात. "खोलीत माणसं नकोत" लिहिलं की बऱ्याचदा माणसं येतात. प्रॉम्प्टमध्ये "माणसं" हा शब्द पडला, यंत्र त्याच्या ओढीने गेलं, आणि "नकोत" त्याने नीट धरलं नाही. नव्या मॉडेल्समध्ये हे सुधारलंय, संपलेलं नाही. पेन्सिल हातात असलेला जोडीदार इथे छान उपयोगी पडतो, कारण "नको" काढता येत नाही. तो विचारतो, "माणसं नाहीत, मग तिथे काय आहे?" उत्तर येतं, "रिकामी सतरंजी." ते लिहायचं.

जोडीचं काम दोन ठिकाणी बिघडतं, ते फिरताना कानावर येतं. एक, जोडीदार प्रश्न विचारण्याऐवजी सुचवायला लागतो: "बाहेर समुद्र टाकूया का, मस्त दिसेल." तसं दिसेलही, पण ते चित्र मग त्याचं होतं. वाक्याच्या शेवटी "टाकूया" ऐकू आलं की मी त्या बाकाजवळ जाऊन एवढंच विचारते, "तिच्या उत्तरात समुद्र होता का?" दुसरं बिघडणं शांत असतं. दोघंही एकाच वाड्यावरचे, दोघांच्या घरी माटोळी, मग जोडीदार प्रश्नचिन्हं टाकतच नाही, त्याला सगळं कळतं. कागद कोरा-स्वच्छ दिसला की समजावं. म्हणून जोड्या लावताना शेजारी-शेजारी राहणारी मुलं मी वेगळी करते. डिचोलीच्या मुलीला वास्कोचा मुलगा मिळाला म्हणून "वर म्हणजे कुठे?" हा प्रश्न आला. मुलांची संख्या विषम असेल तर तिघांचा गट करावा आणि कागद गोल फिरवावेत. प्रत्येकाला दुसऱ्याचाच कागद मिळतो, फक्त बोलण्याचा वेळ साताऐवजी साडेचार मिनिटांवर आणावा लागतो.

आणि शाळेत एकच संगणक, एकच प्रोजेक्टर असेल तर? तरी तास होतो. सगळ्या जोड्या कागदावरचं काम पूर्ण करतात, अदलाबदल, कच्चं चित्र, प्रश्न, नवा प्रॉम्प्ट. यंत्राला तीनच जोड्यांचे प्रॉम्प्ट द्यायचे आणि तपासणी सगळ्या वर्गाने मिळून करायची. बाकीच्या जोड्यांची चित्रं शिक्षकाने घरी काढून दुसऱ्या दिवशी छापून आणावीत.

तास संपल्यावर माझ्याकडे चार कागद येतात: चिठ्ठी, मूळ प्रॉम्प्ट, प्रश्नचिन्हांचं कच्चं चित्र आणि नवा प्रॉम्प्ट. गुण द्यायचे झाले तर मी ते यंत्राच्या चित्राला देत नाही. प्रश्नचिन्ह कुठे पडलं आणि त्याचं उत्तर नव्या प्रॉम्प्टमध्ये कोणत्या शब्दांत आलं, एवढं बघते. त्या मुलाच्या कागदावर कमानीवरचं मोठं प्रश्नचिन्ह अजून आहे, आणि त्याच्या शेजारी तिने नंतर स्वतःच्या हाताने जाळी काढून दाखवली आहे, चार दोऱ्यांसकट, खाली लोंबणाऱ्या सुपारीच्या घोसासकट.